मोतीबिंदूला फुटलेल्या फांद्या

स्क्रिप्ट चौदा मिनिटांची होती आणि डॉक्टरांनी प्रत्येक पानावर सही करून ती मंजूर केली होती. आमच्या धंद्यात सहीची स्क्रिप्ट म्हणजे लग्न ठरलेली मुलगी. आता तिच्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही, फक्त हॉल बघायचा.

विषय होता मोतीबिंदूचं ऑपरेशन. घाटकोपरच्या बाजूला एका ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, तिथे ऑपरेशनच्या आधी पेशंट आणि त्यांची माणसं हॉलमध्ये बसतात. त्यांना दाखवायला माहितीपट हवा होता. मी गेली पंचवीस वर्षं असंच काहीबाही लिहीत आले आहे. कंपन्यांच्या फिल्म, सरकारी योजना, प्रेशर कुकर कसा वापरावा. या स्क्रिप्टवर मात्र माझा जीव होता. डोळ्याची रचना, मग भिंग गढूळ का होतं, मग तपासणी, मग भूल, मग ऑपरेशन, मग घ्यायची काळजी. एका परिच्छेदातून दुसऱ्यात माणूस कधी गेला ते त्याला कळू नये, अशी वीण होती. डॉक्टर स्वतः म्हणाले होते, "मॅडम, अगदी पाण्यासारखं वाहतंय."

त्यानंतर डॉक्टर कुठल्याशा परिषदेला गेले आणि तिथे त्यांनी काहीतरी पाहिलं.

आमचा स्टुडिओ म्हणजे अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. खाली पुठ्ठ्याची खोकी करतात. त्यांचं मशीन चालू असलं की आमचा आवाज रेकॉर्ड होत नाही, म्हणून आम्ही त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत शूटिंग करतो. एका सकाळी मी पोचले तर आमचा बॉस फोन ठेवून हसत होता. तो हसला की मला धास्ती वाटते.

"डॉक्टरांना इंटरॅक्टिव्ह पाहिजे," तो म्हणाला. "म्हणजे पेशंटच्या हातात टॅबलेट. पुढे काय बघायचं ते पेशंट ठरवणार. झकास आयडिया आहे यार."

"आणि स्क्रिप्ट?"

"स्क्रिप्ट तयारच आहे ना! मध्ये मध्ये बटणं टाकायची. दोन दिवसांचं काम."

कोपऱ्यात आमची प्रोग्रामर बसली होती. मानखुर्दहून येते, पस्तिशीची, बोलते कमी आणि बोलली की समोरच्याची झोप उडते. तिने मान वर न करता विचारलं, "मध्ये म्हणजे नक्की कुठे?"

बॉसला चहा आठवला आणि तो बाहेर गेला.

मी मात्र बॉसवर विश्वास ठेवून कामाला बसले. प्रत्येक भागानंतर तीन पर्याय द्यायचे, असं ठरवलं. एका पर्यायातून पुन्हा तीन फुटतील, त्यातून पुन्हा तीन. मला तर ती कल्पना फार काव्यमय वाटली, जणू झाडच. मी मोठ्या कागदावर झाड काढून प्रोग्रामरसमोर ठेवलं. तिने ते दोन मिनिटं पाहिलं.

"ताई, पहिल्या वळणावर तीन तुकडे. दुसऱ्यावर नऊ. तिसऱ्यावर सत्तावीस, चौथ्यावर एक्क्याऐंशी. एवढं शूट कोण करणार? खालच्या लोकांची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे."

मी झाडाकडे बघत बसले.

"झाड नको," ती म्हणाली. "चौक कर. मधे एक चौक, तिथून प्रत्येक विषयाची एक गल्ली. गल्लीत जायचं, बघायचं, परत चौकात यायचं. सात विषय तर सात तुकडे. बास."

"मग क्रम?"

"क्रम पेशंटचा. पहिला विषय सातवा बघेल, सातवा पहिला. त्यामुळे कुठल्याही तुकड्याने दुसऱ्या तुकड्यावर टेकून उभं राहायचं नाही."

हे ऐकायला सोपं होतं. मी स्क्रिप्ट उघडली आणि पहिल्यांदा नीट पाहिलं की माझी सगळी वाक्यं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. "आता आपण पाहिलंच आहे की." "त्यामुळेच." "याउलट." "मघाशी सांगितलेलं भिंग आठवतं ना?" कुठलं आठवणार? ज्याने भिंगाचा तुकडा बघितलाच नाही त्याने काय आठवायचं? तीन दिवस मी माझ्याच स्क्रिप्टमधून "म्हणून", "पण" आणि "तर" वेचून काढत होते, तांदळातले खडे काढावेत तसे. फरक एवढाच, की हे खडे मी हौसेने घातले होते आणि लोकांनी त्यांची तारीफ केली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्क्रिप्ट वाचली. एखाद्याचे सांधे काढून ठेवल्यासारखी दिसत होती. मला खरंच वाईट वाटलं. घरी जाऊन आईशी उगाच भांडले.

आई माझ्याकडेच असते, मुलुंडला. मूळची मालवणकडची. बाबा गिरणीत होते तेव्हा लालबागला एका खोलीत तिने आम्हा चौघांना वाढवलं. आता तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून बसला होता आणि दोन वर्षं ती ऑपरेशनला नाही म्हणत होती. कारण विचारलं की म्हणायची, "माका दिसता." मग दाराच्या चौकटीला खांदा आपटायची आणि चौकटीला शिव्या द्यायची.

शूटिंगला आम्ही एक जुने रंगभूमीवरचे नट घेतले होते. सगळे त्यांना काका म्हणत. भरदार मिशी, भरदार आवाज, पेशंटना घरचं माणूस वाटेल असा चेहरा. काकांनी आयुष्यभर तीन अंकी नाटकं केली होती. मी त्यांना सात सुटे कागद दिले.

"आधी कुठला?" त्यांनी विचारलं.

"कुठलाही."

"नाही, म्हणजे माझा चढत जाणारा आलेख कसा आहे?"

"आलेख नाही काका. प्रत्येक तुकड्यात तुम्ही शांतच सुरू होता आणि शांतच संपता. दोन्ही हात समोर जुळवलेले, नजर कॅमेऱ्यात. कुठल्याही तुकड्याला कुठलाही तुकडा जोडला तरी धक्का बसायला नको."

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे मी सात वेळा मरायचं आणि सात वेळा जन्माला यायचं."

"असंच काहीसं."

पहिली अडचण नमस्काराची. काका सवयीने प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला नमस्कार घालत. एका पेशंटला सात नमस्कार म्हणजे निवडणुकीचा प्रचार झाला असता. तो थांबवला तर ते "तर मंडळी" म्हणायला लागले. तेही थांबवलं. मग ते नुसतंच मोठा श्वास घेऊन सुरू करायला लागले, पाण्यात उडी मारण्याआधी घेतात तसा. तो श्वास आम्ही राहू दिला, कारण खालची मंडळी जेवून परत येत होती.

दुसरी अडचण जास्त गंभीर. पेशंट बटण निवडत असताना पडद्यावर काय दिसणार? चित्र गोठवलं तर लोकांना वाटतं टॅबलेट बंद पडला. म्हणून काका वाट बघत उभे आहेत असा वीस सेकंदांचा तुकडा लागतो. शेवट सुरुवातीला बेमालूम जोडायचा आणि फिरवत ठेवायचा. त्यात काहीच करायचं नसतं. श्वास घ्यायचा, पापण्या हलवायच्या, उभं राहायचं.

"काहीच नाही?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही."

चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेल्या माणसाला काहीच करू नका म्हणणं हा क्रूरपणा आहे, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या वेळी त्यांनी वाट बघितली ती परदेशी गेलेल्या मुलाची. दुसऱ्या वेळी कोर्टाच्या निकालाची. प्रोग्रामर मॉनिटरसमोर बसली होती, ती हळूच म्हणाली, "काका, रिक्षाची बघा." तिसरा तुकडा बरा आला. त्यातल्या त्यात बरा.

आठवड्याभरात तिने सगळं जोडून टॅबलेटवर घातलं. चौकात सात बटणं, त्यावर डॉक्टरांनी दिलेली शीर्षकं: नेत्ररचना, मोतीबिंदूची कारणे, शस्त्रक्रियापूर्व तपासणी, भूल, शस्त्रक्रिया, कृत्रिम भिंग, शस्त्रक्रियोत्तर काळजी. मी टॅबलेट घरी नेला. मोतीबिंदूचा खरा पेशंट माझ्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसलेला असताना दुसरीकडे कशाला जायचं?

आईने टॅबलेट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, तिरका धरला.

"काय लिवलाहा?"

आम्ही सहा जणांनी तीन आठवडे मोतीबिंदूच्या पेशंटसाठी व्हिडिओ केला होता आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की मोतीबिंदूच्या पेशंटला बटणावरची अक्षरं दिसणार नाहीत.

मी शीर्षकं वाचून दाखवली. "शस्त्रक्रियोत्तर" ऐकल्यावर ती म्हणाली, "तां माज्यासाठी नाय. तां शिकलेल्यांसाठी." मग ती नुसतीच पडद्याकडे बघत बसली. पडद्यावर काका वाट बघत होते.

"हो मेलो असो कित्या बघता?" आई म्हणाली. "जसां काय मी तेका जेवाक बोलवलंय आणि इसारलंय."

"आई, तो तुझ्यासाठी थांबलाय. तुला काय जाणून घ्यायचंय ते निवड."

"तेका इचार."

"त्याला विचारता येत नाही. इथे जे आहे त्यातलंच निवडायचं."

"मग तो कसलो डॉक्टर?" ती म्हणाली. कोथिंबीर बाजूला ठेवली. मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "गो, माका सुरी येताना दिसतली काय?"

मी तिच्यासमोर बसले.

"डोळो तर उघडोच ठेवतले. डोळो उघडो म्हणजे दिसताच. आणि मी मिटलंय तर? भियान मिटलंय तर मधेच?"

दोन वर्षं मी तिला ऑपरेशन किती सोपं आहे ते सांगत होते. तिला ते माहीत होतं. तिला फक्त हे हवं होतं, आणि ते ना मी सांगितलं होतं, ना माझ्या वाहत्या चौदा मिनिटांत कुठे होतं. तिथे एक वाक्य होतं: "ही शस्त्रक्रिया भूल देऊन केली जाते." पाण्यासारखं वाहून गेलेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. मी, प्रोग्रामर आणि घाबरलेला बॉस. प्रोग्रामरने बदल सांगितले. एका वेळी तीनच बटणं, मोठी, काळ्यावर पिवळी, आणि काका प्रत्येक पर्याय स्वतः बोलून दाखवतील. खाली "आणखी" म्हणून एक बटण, ते दाबलं की पुढचे तीन. शीर्षकं पेशंटच्या तोंडची. "भूल" नव्हे, "दुखेल का?" "शस्त्रक्रियोत्तर काळजी" नव्हे, "घरी गेल्यावर काय करू?" आणि कोणी अर्धा मिनिट काहीच दाबलं नाही, तर व्हिडिओ आपणहून डॉक्टरांच्या मूळ क्रमाने पुढचा विषय लावेल.

हे शेवटचं ऐकून डॉक्टर खूश झाले. मीही झाले. म्हणजे जो काहीच ठरवणार नाही, त्याला अजूनही आमचीच स्क्रिप्ट दिसणार होती.

"पण नेत्ररचना सगळ्यांनी बघितलीच पाहिजे," ते म्हणाले. त्या तुकड्यासाठी त्यांनी स्वतः चित्रं काढली होती. "ती सक्तीची करा."

"डॉक्टर," प्रोग्रामर म्हणाली, "सक्तीचं एकच ठेवू शकतो. जे न बघता घरी गेलं तर नुकसान होईल असं. नाहीतर निवड कसली?"

डॉक्टरांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग नाराजीने म्हणाले, "मग डोळ्यात थेंब कसे घालायचे ते. ते चुकलं तर सगळं वाया."

असं ठरलं की पेशंट काहीही बघो, शेवटी "झालं" हे बटण दाबल्यावर थेंबांचा तुकडा आधी बघितला नसेल तर तो दाखवूनच व्हिडिओ संपेल.

मग मी आठव्या बटणाचं काढलं. "ऑपरेशन चालू असताना मला काय दिसेल?"

"हा मुद्दा नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांना स्पष्ट काहीच दिसत नाही. प्रकाश दिसतो."

"कसा?"

"म्हणजे... प्रकाश."

"कुठल्या रंगाचा? सुरी दिसते का?"

इतकी वर्षं डॉक्टर लोकांच्या डोळ्यांत बघत आले होते, आतून बाहेर काय दिसतं ते पुस्तकात वाचलं होतं, पण खुर्चीत बसवून कोणाला विचारलं नव्हतं. त्यांनी ते आम्हाला तसं कबूल केलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला आणि आवाज वेगळाच होता, शाळेतून पळत घरी आलेल्या मुलासारखा.

"मॅडम, मी विचारलं! प्रत्येकाला! एक आजी म्हणाल्या, तळ्यात बुडी मारून वर सूर्याकडे बघितल्यासारखं. एक गृहस्थ म्हणाले, गुलाबी आणि निळे ढग, आणि मध्ये कोणीतरी काचेवर पाणी ओततंय. सुरी कोणालाच सुरीसारखी दिसली नाही. काहीतरी हलल्याची सावली, बस. आणि पापणी मिटायची भीती तर किती जणांना होती! अहो, आम्ही पापणी धरून ठेवायला क्लिप लावतो, मिटायचा प्रश्नच येत नाही. हे मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं."

तो तुकडा मी अर्ध्या तासात लिहिला. त्यात एकही "म्हणून" नव्हता आणि मला त्याची आठवणही झाली नाही. काकांना पुन्हा बोलावलं. पर्याय बोलून दाखवायचे होते, आठवा तुकडा करायचा होता आणि वाट बघण्याचंही नव्याने करून घेतलं. या वेळी मी त्यांना आईचं जेवणाचं वाक्य ऐकवलं. काका इतके हसले की त्यांचा मेकअप पुन्हा करावा लागला, पण त्या हसण्याचा काहीतरी अंश चेहऱ्यावर राहिला आणि वीस सेकंद उत्तम आली.

चाचणी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये, खऱ्या पेशंटवर. प्रोग्रामर एका कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली, कोण काय दाबतंय ते तिला दिसत होतं. मी शेजारी. डॉक्टर दर पंधरा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून बाहेर येत.

"नेत्ररचना?"

"अजून नाही, डॉक्टर."

लोक "दुखेल का?" दाबत होते, त्याहून जास्त "मला काय दिसेल?" दाबत होते. काही जण नुसते काकांशी बोलत होते. एका बाईंनी तर त्यांना बटण दाबण्याआधी विचारलं, "तुमचं झालं का ऑपरेशन?"

साडेअकराच्या सुमाराला गडबड झाली. एक पांढऱ्या टोपीतले आजोबा टॅबलेट घेऊन बसले होते ते उठेनातच. पाव तासापासून त्यांच्याकडून एकाच आवाजात एकच गोष्ट ऐकू येत होती: हात धुवा, वर बघा, खालची पापणी हलकेच ओढा, बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका. मी जवळ गेले.

"आजोबा, झालं की नाही?"

"मी केव्हाच म्हणतोय झालं," ते म्हणाले. "हा माणूस ऐकत नाही. मी झालं म्हटलं की हा परत थेंब घालतो."

"किती वेळा?"

"सहावी चालू आहे."

प्रोग्रामरने लॅपटॉपकडे बघून कपाळाला हात लावला. "वाट लागली." मग तिने मला समजावलं. थेंबांचा तुकडा बघितला ही नोंद तुकडा पूर्ण संपल्यावर होत होती. आजोबा हुशार होते. शेवटी काका हात जुळवून शांत उभे राहतात, ती दोन सेकंद त्यांना फुकट वाटली, म्हणून ते प्रत्येक वेळी त्याआधीच, तुकडा मधेच सोडायला ठेवलेलं "पुढे" बटण दाबत होते. नोंद झालीच नाही. आणि नोंद नाही म्हणजे संगणकाच्या लेखी त्यांनी थेंब बघितलेच नव्हते.

"म्हणजे माझ्या शांत शेवटामुळे," मी म्हटलं.

"तुझ्या नाही, माझ्या नोंदीमुळे. काकांचं शेवटचं वाक्य संपलं की लगेच नोंद करते. उभं राहणं बघायची सक्ती नको."

तिने तिथेच बसून ते बदललं. तोवर आजोबांना सहावी आवृत्ती संपवून आत नेलं होतं. दुपारी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "तो टोपीवाला पेशंट कोणाचा? आम्ही थेंबांचं सांगायला गेलो तर तोच आम्हाला सांगायला लागला. दोन थेंबांच्या बाटल्या असतील तर मध्ये किती वेळ थांबायचं, तेसुद्धा. असे पेशंट रोज पाठवा."

आमच्यासोबत आलेल्या बॉसने लगेच विचारलं की ही चूक तशीच ठेवता येईल का.

आणि चारच्या सुमाराला नेत्ररचना एकाने दाबली. निवृत्त शाळामास्तर होते, भौतिकशास्त्राचे. पूर्ण बघितली, पुन्हा बघितली, आणि डॉक्टर बाहेर आल्यावर त्यांना थांबवून विचारलं की भिंग काढल्यावर प्रतिमेच्या अंतराचं गणित कसं जुळवता. डॉक्टर तिथेच बाकावर बसले. वीस मिनिटं. शेवटी नर्सने येऊन त्यांना आत नेलं, मास्तरांना नव्हे.

आई कशी तयार झाली हे मला नीट सांगता येणार नाही. मी तिला आठवा तुकडा दाखवला. तिने तो तीन वेळा ऐकला, "काचेवर पाणी" इथे मान हलवली आणि काही न बोलता भाजी चिरायला गेली. दोन दिवसांनी जेवताना म्हणाली, "क्लिप लावतत ना, मग बरा." मी लगेच डॉक्टरांना फोन केला, ती विचार बदलायच्या आत.

ऑपरेशनच्या दिवशी हॉलमध्ये तिने टॅबलेटला हातही लावला नाही. शेजारच्या बाई घाबरून बसल्या होत्या, त्यांना ती सगळं तोंडी सांगत होती. चुकीचंही सांगत होती. "गुलाबी ढग येतले, घाबरू नुको, ते हॉस्पिटलचे असतत." मग तिचं नाव पुकारलं. ती हिरवा गाऊन घालून, एकदाही मागे न बघता आत गेली.

दार बंद झालं आणि मी बाकावर बसले.

या विषयावर मी चौदा मिनिटं आणि आठ तुकडे लिहिले होते. तरी स्वस्थ बसवेना. घड्याळ पाहिलं, सहा मिनिटं झाली होती. शेजारी टॅबलेट पडला होता. मी तो उचलून सुरू केला. काका माझ्याकडे बघत वाट पाहत होते, बऱ्यापैकी हसऱ्या चेहऱ्याने. दुखेल का? मला नाही दुखणार. मला काय दिसेल? मला दार दिसत होतं. मी "आणखी" दाबलं, परत "आणखी" दाबलं. आठही बटणं बघितली. एकही माझ्यासाठी नव्हतं. किती वेळ लागतो, वेळ लागला तर त्याचा अर्थ वाईटच का, मी इथेच बसू की चहा प्यायला जाऊ, ती बाहेर येईल तेव्हा डोळ्यावर काय असेल, तिला धरून चालवायचं का. अर्धा हॉल तर आमच्यासारख्या बसलेल्यांचाच होता, आणि आम्हाला कोणी काही विचारलंच नव्हतं. मीही नव्हतं.

आई चाळीस मिनिटांनी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली, डोळ्यावर पारदर्शक वाटी चिकटवलेली. पहिलं वाक्य म्हणाली, "निळा जास्त होता. गुलाबी थोडा." डॉक्टर मागे उभे होते, त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रामरला म्हटलं, "अजून एक विषय घालायचाय. बाकीच्यात किती तोडफोड होईल?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "एक गल्ली वाढेल. चौकात एक बटण. वाचून दाखव."

मी वाचलं. "तुमचं माणूस आत गेलंय आणि तुम्ही बाहेर बसला आहात."

तिने कागद माझ्या हातातून घेऊन एकदा स्वतः वाचला. मग म्हणाली, "हे माझ्या बाबांच्या वेळी असतं तर बरं झालं असतं गं." आणि कीबोर्डकडे वळली.

काकांना फोन केला तर ते म्हणाले, येतो, पण मिशी नाही, नव्या नाटकात त्यांना स्त्री-भूमिका मिळाली होती. मिशी नसलेले काका मिशीवाल्या काकांशेजारी जोडता येईनात, चिकटवलेली मिशी घालायला ते तयार होईनात. त्यांचं म्हणणं, एवढ्या वर्षांत खोटी मिशी लावली नाही, आता हॉस्पिटलसाठी लावणार नाही. शेवटी त्यांचा फक्त आवाज घेतला, आणि चित्रात हॉलमधला तोच बाक, बंद दार आणि चहाचा कप. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि खाली पुठ्ठ्याचं मशीन धडधडायला लागलं. काका, प्रोग्रामर, बॉस आणि मी, आम्ही चौघं खालच्यांची जेवणाची सुट्टी होण्याची वाट बघत बसलो.